समान तेवढं गाळून

विश्रामबागेतल्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात संयोगिताच्या कामाचं कौतुक व्हायचं, ते उगाच नाही. कीर्तनांची जुनी ध्वनिमुद्रणं सांभाळण्याचं सॉफ्टवेअर तिथं तयार होत होतं. प्रत्येक फायलीचा पत्ता लांबच लांब. आधी ठेव, म्हणजे कुठला संग्रह, मग मूळ मुद्रण की खरखर काढलेली साफ प्रत, मग कीर्तनकाराचं नाव, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी फायलीचं नाव. पडद्यावर सगळ्या ओळींची सुरुवात तीच ती, आणि कामाचा शब्द उजव्या कडेच्या पलीकडे नाहीसा झालेला.

संयोगितानं त्यावर उपाय काढला. यादीतले सगळे पत्ते घ्यायचे, पहिल्या अक्षरापासून एकेक अक्षर सगळ्यांत जुळतंय का बघायचं. जिथं पहिल्यांदा बिनसेल तिथं थांबायचं, आणि जुळलेला भाग दाखवायचाच नाही. तिच्याआधी शिवतेजनं हेच करून बघितलं, तेव्हा सातारा आणि सासवड या दोन गावांतला 'सा' समान म्हणून गळाला, आणि पडद्यावर 'तारा' नि 'सवड' उरले. ऑफिस आठवडाभर त्याला "काय रे, सवड आहे का?" म्हणून विचारत होतं. संयोगितानं ती खोड मोडली. अक्षरं जुळली तरी पत्त्याचे भाग तोडणाऱ्या शेवटच्या तिरक्या रेघेपर्यंत मागं यायचं, म्हणजे नाव मधेच कापलं जात नाही. यादीत एकच फाईल असली, तर सगळा पत्ताच समान ठरून ओळ कोरी होईल, म्हणून फायलीचं नाव कायम ठेवायचं. पडदा कसा झाडून घेतलेल्या अंगणासारखा दिसू लागला.

पहिल्यांदा ते वापरायला दिलं साताऱ्याच्या लालासाहेबांना. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी केलेला माणूस. त्यांची बायको साळूबाई कीर्तन करायची. बाई नमनाला उभी राहिली की मांडवातलं पोरसुद्धा रडायचं थांबायचं, असं सातारा भागात लोक अजून सांगतात. ती गेल्यावर लालासाहेबांनी तिच्या बुरशी धरलेल्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. फिती इतक्या कुजलेल्या की एकदा वाजल्या आणि तुटल्या. उतरलं तेवढंच राहिलं.

म्हाताऱ्यांनी पडदा बघितला आणि कपाळाला आठी घातली.

"पोरी, आख्खा पत्ता कुठं गेला गं?"

"सगळ्या ओळींत तोच आहे ना काका, म्हणून लपवलाय. नजरेला त्रास नको."

"आगं, कीर्तनात नमन रोज तेच आसतंय. म्हून काय बुवा ते गाळतोय व्हय?"

सगळे हसले. संयोगिताही हसली. ऑफिसचे मालक सन्मती सर म्हणाले, "काका, तुमच्यासाठी ही मुलगी रोज दोनदा नमन करील, पण पडदा असाच राहू दे." म्हातारेही हसले, आणि विषय तिथंच संपला.

मग एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज असा, की संयोगिता खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

"पोरी, तिचं मूळ न्हाई गावत. माज्याच हातनं पुसलं का काय, बघ की जरा."

झालं होतं ते असं. लालासाहेबांनी कॅसेटीतली खरखर काढून साफ प्रती केल्या होत्या. पण खरखर काढणारं यंत्र एकसारखा चालणारा आवाज खरखरच समजतं. त्यानं मागं वाजणाऱ्या मिरजेच्या तंबोऱ्याचा सूरही खाल्ला, आणि त्याला लागून असलेला साळूबाईचा खर्जही. त्या बिघडलेल्या प्रती पुसून मुळावरून नव्या करायच्या, असं त्यांनी ठरवलं. दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या, एकीत मूळ, दुसरीत साफ. फायलींची नावं दोन्हीकडं तीच. प्रत्येक खिडकीची यादी आपापली, म्हणून एकीतून 'मूळ' समान म्हणून गळालेलं आणि दुसरीतून 'साफ'. दोन्ही खिडक्या जुळ्या बहिणींसारख्या. हात चुकीच्या खिडकीत पडला. "नक्की पुसायचं?" असं विचारणाऱ्या चौकटीत यादी पुन्हा होती, पण तिथंही सगळ्या फायली एकाच जागच्या. त्यामुळं जो एक शब्द म्हाताऱ्याचा हात धरू शकला असता, तोच समान ठरून बाहेर राहिलेला. त्यांनी 'हो' दाबलं. वर, उरलेल्या साफ प्रतींनाच मूळ समजून त्यांच्यावरून नव्या प्रतीही काढल्या. त्या त्याच डिस्कवर, रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसल्या.

डिस्क मिरजेच्या जाणकाराकडं गेली. त्यानं मान हलवून परत दिली. "वर लिहिलं गेलंय हो. आता खालचं नाही निघत."

सन्मती सरांनी संयोगिताला आत बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता. चार घरांचे पगार त्याच्या डोक्यावर होते, आणि एक मोठं संस्थान हेच सॉफ्टवेअर घ्यायचा विचार करत होतं.

"तुझ्या कोडमध्ये चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. सांगितलं तसंच चालतंय."

"मग झालं तर. काकांना फोनवर तेवढंच सांग. वयोमानानं होतं असं, म्हणावं."

"पण सर, दोन खिडक्या सारख्या दिसणार हे आपण..."

"तेवढंच सांग, संयोगिता."

तिनं फोन केला नाही. पुसण्याच्या चौकटीत पूर्ण पत्ता दाखवायचा आणि प्रत्येक यादीच्या माथ्यावर गाळलेला भाग लिहायचा, एवढा बदल तिनं केला. अर्ध्या दिवसाचंसुद्धा काम नव्हतं. सरांनी तो 'नवी सोय' म्हणून संस्थानाला दाखवला. तिथं फार आवडला. शिवतेजनं ऑफिसात पेढे वाटले. संयोगितानं आपला पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि रविवारी सातारची एसटी धरली.

दार सुनेनं, पूजानं उघडलं. "बरं झालं आलात. मामंजींना आता कॉम्प्युटरला हात लावू देत नाही आम्ही. विसरतात हो फार. डॉक्टरांनापण दाखवलं."

कॉम्प्युटरवर साळूबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरलेला. लालासाहेब भिंतीला टेकून बसले होते. संयोगितानं त्यांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. दोन्ही खिडक्या का सारख्या दिसल्या, चौकटीनं का सांगितलं नाही, हे सगळं, काहीही न गाळता. "तुम्ही विसरला नाहीत काका. तुम्हाला दिसलंच नाही. ते मी लपवलं होतं."

पूजा दारात ऐकत उभी होती. ती खाली बघत आत गेली.

म्हातारे उठले, लुगड्याचा तुकडा बाजूला केला आणि उरलेली फाईल लावली. नमन सुरू झालं. तंबोरा नव्हताच. बाईचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा, वरचा पापुद्रा तेवढा, खाली काहीच नाही. ओळख पटेल एवढाच.

"समदी म्हनायची मी इसरतोय. म्हून वाटायचं, ह्येच मूळ आसंल, माजंच कान बधिर झाल्यात," ते म्हणाले. "त्येच बरं हुतं की गं."

संयोगिता फाईल बंद करायला पुढं झाली. त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

"आता दिसतोय का आख्खा पत्ता?"

"दिसतो काका. पुसायच्या आधी दिसतो."

"मग बरं झालं," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी लुगड्याचा तुकडा पुन्हा पडद्यावर ओढला. "दुसऱ्या कुणाची तरी बायकू ऱ्हाईल."

लुगड्याआड नमन चालूच होतं. पेढा पर्समध्येच राहिला.