पहिल्या दिवसाची सही

प्रेमलता मेश्रामने निबंध मंगळवारीच लिहून टाकला होता. द्यायचा होता शनिवारी, पण सहा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर पुन्हा विद्यार्थिनी झालेल्या बाईला पहिला नंबर मिळवायची घाई असतेच. नर्सिंग कॉलेजात डोंगरे मॅडमनी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते: स्वायत्तता, हित, न्याय. विषय होता उपचार नाकारणाऱ्या रुग्णाचा. केस स्वतः पाहिलेली हवी, एवढीच अट होती.

केस शोधायला प्रेमलताला कुठे जावं लागलं नाही. बायकांच्या सर्जिकल वॉर्डात सोमवारी पारशिवनीकडची भीमाबाई दाखल झाली होती. वय साठच्या पुढे, साखरेचा आजार, उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. डॉ. खानझोडे म्हणाले, दोन्ही बोटं लगेच काढली तर पाय वाचेल. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘शस्त्रक्रियेस तयार नाहीत’, आणि खाली सही झाली. ती सही प्रेमलतानेच घेतली होती.

निबंध झकास उतरला होता. रुग्णाचं शरीर रुग्णाचं, म्हणून तिच्या नकाराचा मान ठेवला पाहिजे. पण बोटं काढण्यात तिचं हित आहे, म्हणून पुन्हा समजावलं पाहिजे. न्यायाबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही, तेव्हा सर्वांना समान उपचार मिळतात, असं एक वाक्य टाकून तिने वही मिटली. असली वाक्यं वेळेला फार उपयोगी पडतात.

गुरुवारी सकाळी ड्रेसिंग सोडलं तेव्हा पट्टीला वास होता. पाऊल घोट्यापर्यंत सुजलेलं, वर लाल पट्टा चढलेला, अंगात ताप. डॉ. खानझोडेंनी पाय पाहिला आणि ओठ आवळले. आता बोटांवर भागणार नव्हतं, गुडघ्याखाली पाय कापावा लागणार होता, तोही आजच. भीमाबाईचा मुलगा आनंदराव या वेळी हो म्हणाला. त्याने कागदावर सही केली.

दुपारी ट्रॉली आली आणि भीमाबाईने खाटेची दांडी धरली.

“कुठी नेऊन राहिले मले?”

“ऑपरेशनला, मावशी,” प्रेमलता म्हणाली.

“कशाचं?”

प्रेमलताने आनंदरावकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. वॉर्डबॉय म्हणाला, “चला ना माय, टायम होऊन राहिला.” सही होती, टेबल तयार होतं, डॉक्टर हात धुवायला गेले होते. एक इंजेक्शन दिलं असतं तर म्हातारीची पकड आपोआप सुटली असती. असं वॉर्डात झालेलं प्रेमलताने पाहिलं होतं, आणि त्यात आपलाही हात होता हेही तिला ठाऊक होतं.

ट्रॉली तिथेच ठेवून ती खाटेवर टेकली. “मावशी, पाय सडून राहिला. गुडघ्याच्या खालून कापायचा आहे. सोमवारी तुम्ही बोटांना नाही म्हणालात, म्हणून...”

“कोन नाही म्हटलं?”

“तुम्ही.”

“मले कोनं विचारलं वं?” भीमाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. “मले तं वाटलं मलमपट्टी सुरू आहे. काय गा आनंदा?”

आनंदराव भिंतीला टेकला. “मायले सांगू नका म्हटलं होतं मी. घाबरली असती ना थे. बाबा गेले थे ऐकूनच तिची शुगर वाढली होती. मले वाटलं औषधानं होईन बरं, काहून कापाकापी करायची.”

प्रेमलताने केसपेपर उघडला. सोमवारचा प्रसंग तिला लख्ख आठवला. वऱ्हांड्यात तिने कागद पुढे केला होता, तो आनंदरावपुढे. म्हातारी आत जागी होती, शुद्धीवर होती, शेजारणीशी धानाच्या रोवणीबद्दल बोलत होती. पेपरवर ‘तयार नाहीत’ होतं. कोण तयार नाही, ते कोणी लिहिलं नव्हतं, आणि विचारायचं कोणालाही सुचलं नव्हतं. नातेवाइकाला विचारायचं, ही वॉर्डाची रीतच होती.

पण सर्वांसाठी ती रीत नव्हती. शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली मुख्याध्यापिका होती. तिचे यजमान बाहेर उभे असताना डॉ. खानझोडेंनी खुर्ची ओढून, चित्र काढून तिला सगळं सांगितलं होतं, आणि सही तिचीच घेतली होती. तो कागदही प्रेमलतानेच धरला होता. तेच डॉक्टर, तोच आठवडा, दोन खाटांत हातभर अंतर. न्यायाबद्दल काय लिहावं ते तिला आता सुचलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती थेट ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेली. “सर, पेशंटची संमती नाही.”

“मुलाची सही आहे ना?”

“बाई शुद्धीवर आहेत. त्यांना सगळं कळतं. सोमवारीही त्यांना विचारलं नव्हतं, सर. मी विचारलं नव्हतं.”

डॉक्टर भडकले. इथे माणूस मरतोय आणि तुमच्या कॉलेजचा अभ्यास चाललाय, असं बरंच बोलले. पण माणूस वाईट नव्हता. हातमोजे काढून ते वॉर्डात आले आणि त्यांनी खुर्ची ओढली.

भीमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कापल्यावर वाचीन?”

“बहुतेक वाचाल. खात्री देत नाही. नाही कापला तर मात्र जगणं कठीण आहे. थोडेच दिवस.”

“आन् चालता येईन?”

“कुबडीवर. पुढे नकली पायही मिळतो. पण तुमचं वय, साखर... लगेच नाही.”

म्हातारीने पायावरची चादर नीट ओढून घेतली. “सासू माही चार वर्सं खाटेवर होती. मीच उचलो तिले. हागणंमुतणं सारं. तिच्या डोळ्यांत रोज पाहो मी, मराले मागे थे. सून माही रोवणीले जाते, तिनं मले उचलाव का धान लावाव? नाही डॉक्टर. पाय राहू द्या.” मग ती प्रेमलताकडे वळली. “बोटांले मी हो म्हटलं असतं, बाई. दोन बोटांचं काय? चालली असती मी.”

आनंदराव ओक्साबोक्शी रडू लागला. “माय, म्या नाही सांगतलं वं!” भीमाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण आपलं म्हणणं बदललं नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, संध्याकाळी पुन्हा आले. दर वेळी त्यांनी तिलाच विचारलं आणि दर वेळी तिने तेच सांगितलं. केसपेपरवर तिचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहिलं गेलं, तिचा अंगठा घेतला, साक्षीला मुख्याध्यापिकेने सही केली. इन्सुलिन, इंजेक्शनं, ड्रेसिंग, दुखणं कमी करायचं औषध, यातलं काही थांबलं नाही. पाय कापू देत नाही म्हणून तिला घरी पाठवा, असं एक धाकटे डॉक्टर म्हणाले, तेव्हा खानझोडे त्यांच्यावरही भडकले.

शनिवारी प्रेमलताने निबंध दिला नाही. डोंगरे मॅडमकडे तिने आठवडा मागून घेतला. ती ड्युटी नसतानाही येऊन भीमाबाईची पट्टी स्वतः बदलत होती. मंगळवारी पहाटे भीमाबाई गेली. आनंदराव तिला पारशिवनीकडे घेऊन गेला. प्रेमलताला त्याला दोष देता आला नाही. मायेपोटी त्याने जे केलं तेच तिने रीत म्हणून केलं होतं.

त्या दिवशी खोलीवर येऊन तिने वही उघडली. जुन्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, ‘रुग्णाने उपचारास नकार दिला.’ त्यावर तिने एक आडवी रेघ मारली. पुढे तीन तत्त्वं होती, नीट मांडलेली, प्रत्येकाला एक परिच्छेद. त्यांवरही रेघ मारली आणि नव्या पानावर लिहायला घेतलं.

‘रुग्णाने सोमवारी नकार दिला नव्हता. तिला कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझं होतं.’