आधी डोळे

कार्टूनपटातल्या अस्वलाने गुहा सोडावी की राहावं, एवढाच प्रश्न होता. पण धाकटीने काढलेलं अस्वल नुसतं टेबलफॅनसारखी मान फिरवत होतं. सगळा स्टुडिओ तिला धाकटीच म्हणे.

मास्तर तिच्या पडद्यावर वाकले. "हे हलतंय गं, विचार कुठे करतंय? आधी डोळे जाऊ देत, मग मान, अंग सगळ्यात शेवटी. आणि मधे जरा थांबू दे त्याला."

मास्तर उद्या निवृत्त होणार होते. धाकटीच्या ते काही पचनी पडत नव्हतं. तिने विचारूनच टाकलं, "पुढच्या सिनेमापुरते थांबाल?"

मास्तरांचे डोळे दाराजवळच्या पिशवीकडे गेले आणि तिथेच थांबले. पापण्या मिटल्या. उघडल्या तेव्हा नजर अस्वलावर होती. मग मान वळली, आणि इतका वेळ दाराकडच्या पायावर असलेला भार हळूच दुसऱ्या पायावर आला.

धाकटीची पेन्सिल केव्हाच कागदावर त्यांच्या हालचाली टिपू लागली होती.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," मास्तर गुरगुरले.

"अंग वळलंय तुमचं."

मास्तरांनी तिचा कागद ओढला, मग खुर्चीही ओढली. "पापणी विसरलीस. नजर बदलताना ती मिटते. आण ती पेन्सिल इकडे."