तीसने भागलेला दिवस

रिफअत बे गोड बोलायला लागला की ऑफिसातली माणसं आपापली पाकिटं चाचपायची. त्या गुरुवारी मात्र कुणीच चाचपलं नाही, आणि तिथंच सगळे फसले.

शहराच्या दोक्की भागात, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर त्याचं भाषांतराचं ऑफिस होतं. औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवलेलं जे पत्रक कुणी वाचत नाही, ते अरबीत आणायचं काम. शाहिनाझ तिथं पंधरा वर्षं होती. तिच्या हाताखाली लुबना आणि हातेम, आणि शेवटचा शब्द तपासायला फिक्रीकाका. बासष्टीचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी पैसे साठवत होता आणि तोवर भिंगानं वाचत होता. पण चूक सुटायची नाही हो त्याच्या हातून.

"पुढच्या महिन्यापासून तुम्ही नोकर नाही, स्वतःचे मालक!" रिफअत बे म्हणाला. "राजीनामा द्या, करार करा. घरून काम करा, हवं तेव्हा करा. आणि तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही, शब्द आहे माझा. शाहिनाझ मॅडम, तुमचा पगार चोवीस हजार पाऊंड. भागिले तीस. दिवसाला आठशे. जितके दिवस काम, तितके आठशे. फिक्रीसाहेबांचे अठरा हजार, म्हणजे दिवसाला सहाशे. कुणाचं काही गेलं का?"

कुणाचंच गेलं नव्हतं. पगारपत्रक करणारा साबेर एकोणीस वर्षं तीसनेच भागत आला होता. एक खाडा झाला की आठशे कापले जायचे. कायद्यातही दिवसाचा पगार तसाच काढतात. मग शाहिनाझच्या दिवसाची किंमत आठशे नाही तर काय? तिनं मान हलवली. नुसती हलवली नाही, वर "बरं आहे की, रस्त्यातले दोन तास वाचतील," असंही म्हणाली बाई!

दुपारी फिक्रीकाका कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. "पोरी, हे मुंग्यांसारखं बारीक छापलंय. वाच बरं."

तिनं करार पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

"करू सही?"

"करा काका. तेवढेच पैसे आहेत."

त्यानं राजीनाम्यावर केली, करारावर केली आणि कागद साबेरच्या हातात दिले. बाकीचे तिघे म्हणाले, रविवारी करू.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याची फूलची उसळ आणि ताअमियाची भजी संपल्यावर शाहिनाझ औषधाच्या दुकानातून मिळालेलं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसली. मुलीच्या कॉलेजची फी तीन हप्त्यांत भरायची होती. कुठल्या महिन्यात किती हातात येतील, एवढंच तिला बघायचं होतं. हातात लाल पेन होतं.

आधी आठवडी सुट्टीचे शुक्रवार-शनिवार खोडले. एकशे चार. तीनशे पासष्टातले उरले दोनशे एकसष्ट. मग सुट्ट्या. दोन्ही ईद, शम्म अल-नसीम, सात जानेवारी, सहा ऑक्टोबर, सगळ्या मोजल्या. सतरा.

"सतरा कशा?" नवरा मम्दूह तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "यातल्या चार शुक्रवार-शनिवारीच आल्यात. त्या एकदा खोडल्यास ना? एकच कोंबडी दोनदा कापतेस होय?"

"गप रे." पण त्याचं खरं होतं. तेरा धरल्या. उरले दोनशे अठ्ठेचाळीस. आतापर्यंत हक्काची एकवीस दिवसांची रजा मिळायची. ती गेली. उरले दोनशे सत्तावीस. ताप, दातदुखी, आईला घेऊन हॉस्पिटल, या सगळ्याचे सात. उरले दोनशे वीस. आणि करारात लिहिलं होतं, 'काम उपलब्ध असेल त्याप्रमाणे.' दर उन्हाळ्यात चारेक आठवडे ऑफिसात माश्या मारायची पाळी यायची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याचे वीस.

दोनशे दिवस. गुणिले आठशे. एक लाख साठ हजार.

"मम्दूह," ती म्हणाली, "मला आता वर्षाला किती मिळतात?"

"चोवीस गुणिले बारा. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार."

तिनं पेन आपटलं. महिन्याला तेरा हजार तीनशे! चोवीसचे तेरा! आणि चोवीसच हवे असतील तर वर्षाचे तीनशे साठ दिवस राबायचं. ईदच्या नमाजानंतरही, पोरगी तापानं फणफणत असतानाही. उरले पाच दिवस, ते कशाला हवेत म्हणा, मरायला.

पहिल्यांदा तिला रिफअत बेचा राग आला. तो हरामखोर आपला पगार तीसने भागत होता, कारण पगारात शुक्रवारही होता आणि ईदही होती. तीस दिवसांचे पैसे देत होता म्हणून तीसने भागत होता. आता द्यायचे फक्त कामाच्या दिवसांचे, आणि भागायचं मात्र तीसनेच! मग तिला स्वतःचा राग आला. चौथीतल्या पोराला कळेल असं गणित, आणि आपण पंधरा वर्षं अक्षरांवर पोट भरणाऱ्या, "तेवढेच आहेत" म्हणून मोकळ्या!

आणि मग फिक्रीकाका आठवला. तिनं घाईघाईनं मांडलं. दोनशे गुणिले सहाशे. एक लाख वीस हजार. महिन्याला दहा. अठरातले आठ हजार गेले, आणि त्याच्याबरोबर डोळ्यांचं ऑपरेशनही गेलं.

"फोन कर त्यांना," मम्दूह म्हणाला.

"काय सांगू? मी वाचून दाखवलं आणि मीच बुडवलं, असं?"

तिनं फोन केला नाही. शनिवारचा अख्खा दिवस ती भांडी आदळत राहिली.

रविवारी नऊ वाजता ती कॅलेंडर बगलेत मारून थेट रिफअत बेच्या खोलीत शिरली. त्यानं चहा मागवू का विचारलं. तिनं कॅलेंडर त्याच्या टेबलावर पसरलं.

"हे खोडलेले दिवस बघा. यांचे पैसे कुठं आहेत?"

"अहो, खोडलेत म्हणजे काम नाही. काम नाही, पैसे नाही. स्वतंत्र माणसाचं तसंच असतं."

"मग तीसने का भागलंत?"

"कायदाच आहे तसा."

"कायद्याच्या तीसात चार-साडेचार शुक्रवार असतात, रिफअत बे. त्यांचे पैसे तुम्ही देत होतात. आताही तीसच धरायचे असतील तर शुक्रवारचेही आठशे काढा."

"शुक्रवारी तुम्ही काम कुठं करता?"

"आधी तरी कुठं करत होते!"

तो हसला. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, तुमचं म्हणणं काय?"

"दिवसांवर नको. महिन्याला ठरलेली रक्कम. पगाराइतकी, वर विमा आणि मशीन आता आमच्या गळ्यात, त्याचे चार हजार. अठ्ठावीस. त्या बदल्यात वर्षाला दोनशे दिवस काम. सुट्ट्या त्यात आधीच वजा आहेत. ईद आली म्हणून पुन्हा कापायचं नाही."

रिफअत बेनं पेनाचं टोपण काढलं. "दिले. तुम्हाला. पण बाहेर ब्र काढायचा नाही. लुबना-हातेम तरुण आहेत, त्यांना चालेल. फिक्रीनं तर सही केलीय."

खरं सांगायचं तर शाहिनाझ क्षणभर त्या पेनाकडं बघत राहिली. फीचे तीन हप्ते तिच्या डोळ्यांपुढून गेले. तेवढा एक क्षण तिला पुढं कितीतरी दिवस खुपत राहिला.

"त्यांचा कागद फाडा आधी," ती म्हणाली.

"का म्हणून? उघड्या डोळ्यांनी सही केलीय त्यांनी."

"माझ्या डोळ्यांनी केलीय!" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेर लुबनाचे हात कळफलकावर थांबले. "त्यांना दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी वाचलं, मी सांगितलं, त्यांनी केली. तुम्ही मला पुढं करून त्यांचा गळा कापलात!"

"आवाज खाली, मॅडम. तीन वाजता तेहेतीस पत्रकं जायची आहेत. कामाला लागा."

ती बाहेर आली. फिक्रीकाका भिंग लावून पत्रकावर वाकला होता. तिनं त्याच्याशेजारी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. एकशे चार, तेरा, एकवीस, सात, वीस. अठराचे दहा. कुठंही आडपडदा ठेवला नाही, आत तिला काय देऊ केलं तेही सांगितलं. लुबना आणि हातेम उठून जवळ आले.

फिक्रीकाकानं भिंग खाली ठेवलं. 

"गुरुवारी वाचताना तुला हे दिसलं नाही?"

"नाही काका."

"मला दिसत नाही, पोरी. तुला तर दिसतं ना?" त्यानं टेबलावर मूठ आपटली, चहाचा पेला आडवा झाला. "चाळीस वर्षं मी लोकांचे स्वल्पविराम बघितले. एक मात्रा इकडची तिकडं झाली की रोगी मरेल म्हणून रात्र रात्र बसलो. आणि माझं एक पान तुझ्या हातात दिलं, ते तुला नीट बघता येऊ नये?"

 ती ओल्या कागदांवरून फडकं फिरवत राहिली.

काकानं पत्रकांचा गठ्ठा उचलला, त्यावर हात ठेवला आणि बसून राहिला. हातेमनं मशीन बंद केलं. लुबनानंही केलं. तपासनीसाच्या सहीशिवाय एक पत्रक बाहेर जात नसे, आणि तपासनीस हलायला तयार नव्हता.

दहा वाजता रिफअत बेनं बाहेर येऊन धमकी दिली. अकराला म्हणाला, चौघांचाही आजचा खाडा मांडतो. "मांडा ना," शाहिनाझ म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत आम्ही पगारीच आहोत. माझे आठशेच जातील. तुमचं गिऱ्हाईक जाईल." बारा वाजता तो घासाघीस करू लागला. दोनशे नव्हे, वर्षाला दोनशे वीस दिवस काम करा म्हणाला. महिन्याची रक्कम ठरल्यावर दिवसांचा घोळ कशाला, असं तिनं ठणकावलं. एकला चार हजारांचे दोन हजार झाले. त्यावर तिनं मान तुकवली, कारण लुबनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तीन फार लांब नव्हते.

महिन्याला तिला सव्वीस हजार, काकाला साडेएकोणीस, पोरांनाही त्याच हिशोबानं. सुट्ट्या कापायच्या नाहीत, हे वाक्य तिनं स्वतः घालून घेतलं. साबेरनं काकाचा जुना करार आणि राजीनामा सगळ्यांसमोर फाडला, नवे कागद छापले आणि प्रत्येकाच्या पुढं ठेवले.

शाहिनाझनं खुर्ची सरकवली आणि फिक्रीकाकाच्या कागदासाठी हात पुढं केला. सवयच होती तिला.

काकानं कागद उचलला. तिच्या हातावरून नेला आणि पलीकडं बसलेल्या लुबनाला दिला.

"तू वाच," तो म्हणाला. "सावकाश वाच. आणि आकडा आला की थांब."