रांगेत नसलेल्या दोघी

कॉलेजात तिला सगळे ताई म्हणत. संगणकाच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती, अकरा वर्षं, आणि अकराही वर्षं तात्पुरती. दर उन्हाळ्यात नेमणुकीचा नवा आदेश निघे, त्यावर विभागप्रमुख सरांची सही लागे. सही मिळेपर्यंत पंधरा दिवस ताईचा जीव टांगणीला.

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय सर शिकवत. म्हणजे स्लाइड वाचत. मुलं ऐकत, लिहून घेत आणि दुपारी प्रयोगशाळेत येऊन ताईला विचारत, "ताई, हे म्हणजे नक्की काय हो?" मग ताई माउस दुरुस्त करता करता सांगे.

तिच्या नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. उदाहरणं तिथलीच. "प्रोसेसर म्हणजे आमच्या दुकानातलं एकुलतं एक मशीन," ती म्हणे. "आलेल्या क्रमानं काम करायचं ठरवलं आणि पहिलाच माणूस जाडजूड प्रबंध घेऊन आला, तर मागे एकेक पान घेऊन आलेले दहाजण ताटकळणार. म्हणून प्रत्येकाची वीस पानं काढायची आणि त्याला रांगेच्या शेवटी पाठवायचं. हे राउंड रॉबिन. पण वीसऐवजी एकेकच पान काढलं तर? कागद बदल, झाकण उघड, याचं ठेव, त्याचं घे. सगळा वेळ अदलाबदलीतच."

मुलं हसत. पण परीक्षेत बरोबर लिहीत.

यंदा सरांच्या बढतीचं घाटत होतं. त्यासाठी बाहेरच्या एक प्राध्यापक बाई वर्गात बसून तास बघणार होत्या. सरांनी ताईला बोलावलं.

"मुलांना तू ते दुकानाचं काहीतरी सांगतेस म्हणे. तशा स्लाइड करून दे. तीसेक."

"माझं नाव कुठे..." ताईनं चाचरत विचारलं.

"नावाचं बघू नंतर. तुझा आदेशही आहेच ना माझ्याकडे."

ताईनं स्लाइड केल्या. घरच्या टेबलावर, मुलीच्या वह्या बाजूला सारून. नवरा मागून डोकावला. "मशीन माझं, डोकं तुझं आणि मिरवणार तिसराच?"

"सही तिसऱ्याचीच लागते," ती म्हणाली.

स्लाइड मन लावून केल्या होत्या. रांग झाली, अग्रक्रम झाला. ऑफिसचं काम नेहमी आधी घेतलं तर साध्या गिऱ्हाइकाची पाळी कधीच येत नाही, ही उपासमार. उपाय एजिंग: जितका वेळ थांबला, तितका त्याचा अग्रक्रम वाढवत न्यायचा. नवी स्लाइड, डेडलॉक. दुकानात कागदाला भोकं पाडायचा पंच एक, स्टेपलर एक, गिऱ्हाइकं दोघी. एकीनं पंच धरलाय आणि तिला स्टेपलर हवाय. दुसरीनं स्टेपलर धरलाय आणि तिला पंच हवाय. हातातलं कुणी सोडत नाही, कुणाकडून हिसकावताही येत नाही. बसा दिवसभर. उपाय: सगळ्यांनी आधी पंच घ्यायचा, मगच स्टेपलर. मग असा फेरा होतच नाही.

तासाच्या दिवशी ताई कोपऱ्यात प्रोजेक्टरजवळ उभी होती. पाहुण्या बाई शेवटच्या बाकावर वही उघडून बसल्या. सर रंगात आले. दुकान, प्रबंध, वीस पानं. वर्ग हसला तशा बाईही हसल्या. ताईला आपलंच लेकरू दुसऱ्याच्या कडेवर खेळताना बघितल्यासारखं झालं.

डेडलॉकची स्लाइड आली. पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "सर, अशा अडकलेल्या दोघींना सोडवायचं कसं?"

कोंडी टाळायचा उपाय पुढच्या स्लाइडवर होता. पण सरांना स्वतःची भर घालायची हौस आली. "सोपं आहे. एजिंग! जी जास्त वेळ थांबली तिचा अग्रक्रम वाढवायचा. तिला मशीन आधी मिळालं की कोंडी फुटली."

ताईनं प्रोजेक्टरवरून मान वर केली.

"कशी फुटली?" मागून बाईंनी शांतपणे विचारलं. "स्टेपलर तर दुसरीच्याच हातात आहे."

सर थांबले. स्लाइडकडे बघितलं, मग ताईकडे. "त्याचं काय आहे, स्लाइड आमच्या मदतनीस बाईंनी केल्यात. त्यांचा थोडा गोंधळ झालेला दिसतो."

वर्गात चुळबूळ झाली. पाहुण्या बाई ताईकडे वळल्या. "तुम्ही केल्यात? मग तुम्हीच सांगा."

गप्प बसावं तर अडाणी ठरणार, बोलावं तर पोटावर पाय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण मुलांचे चेहरे समोर होते, आणि ती मुलं उद्या हेच चुकीचं लिहिणार होती.

"एजिंगनं डेडलॉक सुटत नाही," ती म्हणाली. "एजिंग रांगेतल्या माणसासाठी आहे. त्याला फक्त पाळी हवी असते. या दोघी मशीनच्या रांगेत नाहीतच. त्या बाजूला एकमेकींच्या वस्तूसाठी थांबल्यात. मशीन मोकळं पडलं असलं तरी त्यांना उपयोग नाही. असं होऊ नये म्हणून वस्तू घ्यायचा क्रम आधी ठरवायचा. तरीही कोंडी झालीच, तर एकीचं काम मोडून तिच्या हातची वस्तू काढून घ्यायची. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते."

"एकीचं म्हणजे कुणाचं?" चष्मेवालीनं विचारलं.

"जिचं मोडलं तर नुकसान कमी, तिचं."

बाईंनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना ताईला म्हणाल्या, "छान सांगितलंत." बस, एवढंच.

अहवाल महिन्यानं आला. ‘विभागात अवघड विषय सोप्या उदाहरणांनी शिकवला जातो. सहायक कर्मचारीही उत्तम तयार केलेले आहेत.’ सरांना बढती मिळाली. पेढे वाटले, ताईलाही दिला.

उन्हाळ्यात ताईच्या आदेशावर सही झाली, पण जागा बदलून. प्रयोगशाळेऐवजी उत्तरपत्रिकांचं कोठार. ती सरांकडे गेली.

"माझं काही चुकलं का, सर?"

"चुकलं कुठे? तुझं बरोबरच होतं," सर फाइलमधून मान न काढता म्हणाले. "पण प्रयोगशाळेत शिकवणारा माणूस नको, माउस जोडणारा हवा. आणि हो, त्या स्लाइडमध्ये ते एकीचं काम मोडण्याचं वगैरे घालून दे जरा. जे तू बोललीस ते."

ताईनं घालून दिलं. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मशीनची काच पुसत होता. तो बराच वेळ एकच डाग पुसत राहिला. "नाही म्हणायचं होतंस," शेवटी म्हणाला.

"मग तू भरशील का मुलीची शाळा एकट्यानं?"

तो पुन्हा काच पुसू लागला. तिला आपण बोललो त्याची लाज वाटली.

कोठाराला खिडकी नव्हती. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायचे, बांधायचे, वर्गावर पाठवायचे. सत्र निम्मं झालं असेल, तेव्हा चष्मेवाली शोधत शोधत तिथवर आली. दारातच उभी राहून तिनं वही पुढे केली. "ताई, कोणत्या कामाला आधी वस्तू द्यायच्या म्हणजे कोंडी होणार नाही, हे आधीच ताडून बघायचं गणित आहे. सरांच्या तासाला काहीच कळलं नाही. पाच मिनिटं?"

ताईनं वहीतला तक्ता बघितला. दुसऱ्याच ओळीत मुलीनं बेरीज चुकवली होती, ती चूक एका नजरेत दिसत होती. तिनं पेन उचललं. तेवढ्यात बाहेर कुणाची तरी पावलं वाजली आणि तिनं पेन तसंच खाली ठेवलं.

"सरांना विचार," ती म्हणाली.

"पण ताई..."

"सरांना विचार, बाळा. मला गठ्ठे मोजायचेत."

मुलीनं वही मिटली आणि ती गेली. पावलं शिपायाची होती, तो पाणी भरायला निघाला होता. त्यानंतर ती मुलगी काही पुन्हा आली नाही.