रानातून न परतलेली मुलं

दीक्षाविधींवरचा प्रबंध सरांनी मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा दोन बोटांनी उचलला. त्यांच्या मानववंशशास्त्र विभागाची रीतच होती, की प्रबंध मान्य होईपर्यंत विद्यार्थ्यानं उभं राहायचं, शेजारी खुर्ची रिकामी असली तरी. समोरची संशोधक बाई सहा वर्षं उभी होती, आणि आज सरांची सही मिळाली नाही तर तिची पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होणार होती.

“अगं विदुषी, विधीचे टप्पे तीन. आधी माणसाला समाजातून वेगळं काढतात, मग उंबरठ्यावर, ना आत ना बाहेर असं ठेवतात, शेवटी नव्या दर्जानं परत घेतात. तुझ्या प्रबंधात पाच जमातींची मुलं दीक्षेसाठी रानात गेली, मानपान सोडून सगळी सारखी झाली, आणि तिथंच राहिली. त्यांना घरी कोण आणणार, तुझा मामा?”

“ते वडीलधाऱ्यांचं काम, सर. त्यांनी परत घेतलंच नाही, तर विधी पुरा होत नाही, नुसती कोंडी होते. तो टप्पा इथं सहा वर्षांत मी कधी पाहिला नाही, म्हणून लिहायचा राहिला.”

सरांनी उगाचच चष्मा पुसला. “मग लिही आत्ता. करतो सही.”

“उभ्यानं लिहिता येत नाही, सर,” म्हणत तिनं खुर्ची ओढली.