सहाशे शेअर आणि एक अंगठा

राजारामपुरीत माझा अकाउंट्सचा क्लास आहे. एकोणीस वर्षं झाली. खडूची जागा मार्करनं घेतली आणि प्रश्न वहीतून येण्याऐवजी फोनवर फोटो होऊन यायला लागले, एवढाच काय तो बदल. बाकी मुलं तीच चुकतात, तिथंच चुकतात, आणि मी तीच वाक्यं बोलते. कधीकधी बोलता बोलता मला स्वतःचाच कंटाळा येतो.

निशिगंधाचा फोटो आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. दुसरी बॅच गेली होती, तिसरी जिन्यात कलकलत होती, आणि माझा चहा टेबलावर साय धरून बसला होता. ही निशिगंधा गगनबावड्याची. तिथल्या एका पतसंस्थेत दोन वर्षं तात्पुरती कारकून. कायम करायचं तर पदवी हवी, आणि पदवी अडली होती एका विषयावर, माझ्या. तीनदा नापास. संस्थेनं सांगून ठेवलं होतं, या निकालापर्यंत थांबतो, नंतर जागा भरतो. पेपर दुसऱ्या दिवशी अकराला होता.

फोटो नेहमीसारखाच, तिरका. कागदाच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा, अर्धवट गेलेल्या नेलपॉलिशसकट. प्रश्न साधा होता. कंपनीनं दहा रुपयांचे दहा हजार शेअर विक्रीला काढले. अर्जासोबत तीन रुपये, वाटपावर चार, शेवटच्या कॉलला तीन. अर्ज आले पंधरा हजार शेअरचे. म्हणून सगळ्यांना सारख्या प्रमाणात, तीन मागितले तर दोन दिले, आणि जादा आलेले पैसे वाटपाच्या रकमेत वळते केले. पुढं होतं, ‘६०० शेअर्स’, मग अंगठा, मग खालच्या ओळीत ‘यशराज यांनी वाटपाची व कॉलची रक्कम भरली नाही, म्हणून त्यांचे शेअर जप्त केले. जर्नल नोंदी द्या.’

अंगठ्याखाली काय असेल, हे विचारायला एक मेसेज पुरला असता. मी विचारलं नाही. ‘शेअर्सचे धारक’ असणार, असं धरलं आणि वहीच्या मागच्या पानावर फराफरा नोंदी लिहिल्या. सहाशे शेअर वाटले, म्हणजे अर्ज नऊशेचा. भांडवल नावे सहा हजार. जमेला जप्त शेअर खातं दोन हजार सातशे, वाटप पंधराशे, कॉल अठराशे. दोन्ही बाजू सहा हजार. फोटो काढून पाठवला आणि खाली माझ्याकडून एक शहाणपणही टाकलं: ‘जप्तीत जो आकडा देतात तो वाटपाचाच धर. जास्त डोकं लावू नकोस.’

तिचा मेसेज आला, ‘मॅडम, नक्की?’

‘बाजू जुळल्या ना? मग झालं,’ मी लिहिलं आणि तिसऱ्या बॅचला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ऋतुराजचा फोटो आला. हाही माझाच विद्यार्थी, निशिगंधाचा प्रश्न ज्यातला होता त्याच सरावसंचातला, त्याच पानावरचा दुसरा प्रश्न विचारत होता. त्याचा कागद सरळ होता आणि त्यावर कुणाचाही अंगठा नव्हता. माझी नजर खालच्या प्रश्नावर गेली. ‘६०० शेअर्सचा अर्ज करणाऱ्या यशराज यांनी...’

अर्ज करणाऱ्या!

सहाशे मागितले, तर मिळाले चारशे. सहाशेंवर तीन रुपयांनी त्यानं भरले अठराशे. चारशेंना लागत होते बाराशे, उरलेले सहाशे वाटपात वळले. वाटपाचे सोळाशे, त्यातून सहाशे गेले, थकले एक हजार. कॉलचे बाराशे. म्हणजे भांडवल नावे चार हजार, जप्त खात्याला अठराशे, वाटपाला हजार, कॉलला बाराशे. याही बाजू जुळत होत्या. दोन्ही उत्तरं जुळतात, हेच तर या गणिताचं दुखणं. मला ते एकोणीस वर्षं माहीत होतं, आणि तरी काल मी त्या पोरीला उलटं सांगितलं होतं.

बरं, नुसतं उत्तर चुकलं असतं तर चाललं असतं. मी नियम दिला होता. पेपरात अर्जाचा आकडा आला, तर ती माझा नियम लावणार आणि पंधरा मार्कांच्या प्रश्नात बुडणार. मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. गगनबावड्याहून येणारी एसटी रेंजबाहेर असणार. दहाच्या बॅचला ‘आज क्लास नाही’ असं कळवलं आणि जिना उतरले. माझे गुडघे काही म्हणत होते, पण त्यांचं ऐकायला वेळ नव्हता. स्वतःची इतकी चीड मला फार दिवसांनी आली.

शाहूपुरीतल्या कॉलेजच्या फाटकाशी रिक्षातून उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. भिंतीला टेकून, पुस्तकं छातीशी धरून पोरं पुटपुटत होती. निशिगंधा नव्हती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पावणेअकराला ती धावत आली, ओढणी गळ्याला गुंडाळलेली, हातात वही.

“मॅडम? तुमी हितं?”

“कालचं उत्तर चुकलंय,” मी म्हटलं. “माझं चुकलंय. तुझ्या अंगठ्याखाली ‘अर्ज’ होता. सहाशे मागितलेले, मिळालेले चारशे. आणि तो नियम-बियम सगळा विसर. आधी बघायचं, आकडा अर्जाचा का वाटपाचा. प्रश्न सांगतो, आपण ठरवायचं नाही.”

मला वाटलं, ती गोंधळली. मी वही मागितली, दोन ओळींत समजावावं म्हणून. तिनं पान उघडलं आणि मी बघतच राहिले. वरच्या अर्ध्या पानावर, बारीक गोल अक्षरात, चार हजार, अठराशे, हजार, बाराशे. सगळं बरोबर. आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. खाली माझं उत्तर, जसंच्या तसं उतरवलेलं.

“हे तू कधी केलंस?”

“काल. तुमचं यायच्या आदी. मी पयल्यांदा असंच केल्तो.” आमच्याकडच्या पोरी ‘केलो-गेलो’च म्हणतात. “कागद तर माझ्याकडंच हुता की, मॅडम. त्यात ‘अर्ज’च लिवलंय.”

“मग खोडलंस कशाला गं? मला सांगायचं नाहीस?”

“ईचारलो की. नक्की का म्हटलो.” तिनं वहीकडं बघितलं. “तुमी म्हटलासा, झालं. मी तीनदा नापास हाय, मॅडम. तुमी चुकला असशीला, असं मला कसं वाटंल? मला वाटलं, हे बी मीच चुकलो.”

घंटा झाली. पोरं आत सरकायला लागली. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. पर्समध्ये हात घातला, लाल पेन मिळालं, पेपर तपासायचं. फाटकाच्या खांबावर वही टेकवून मी माझं उत्तर खोडलं. मग तिच्या खोडलेल्या उत्तरावर, त्या रेघेच्या वरूनच, मोठी बरोबरची खूण केली आणि खाली सही केली, तारीख घातली.

“वही बाहेर ठेवावी लागते, मॅडम,” ती म्हणाली.

“ठेव माझ्याकडं. मी इथंच आहे.”

ती दोन पावलं गेली, परत फिरली, आणि वही माझ्या हातात असतानाच तिनं ते पान पुन्हा एकदा उघडून बघितलं. “ह्याला पंधरातले पंधरा पडले असते का हो?”

“पंधरातले पंधरा,” मी म्हटलं. ती आत गेली.