कढई सोडली तेव्हा

दिवाळी दोन दिवसांवर आली की मलेशियातल्या तैपिंगमधल्या त्या घराच्या मागच्या स्वयंपाकघरात पाक्कियम अक्काचं राज्य सुरू व्हायचं. एरवी घर दोन्ही जावांचं. पण बर्फीच्या दिवसांत उलथनं अक्काच्या हातात, आणि धाकट्या वळ्ळीनं ताटाला तूप लावायचं, वेलची कुटायची, शेवटी वड्या पाडायच्या. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. एकदा वळ्ळीनं घोटायला मागितलं होतं. अक्का हसून म्हणाली होती, "तुझे हात वांगी चिरायचे गं. दुधाच्या पावडरीला मन लागतं."

वळ्ळी ते शब्द कधी विसरली नाही. आरुमुगमला, म्हणजे नवऱ्याला, ती रात्री सांगायची, "अहो, एक दिवस मी करून दाखवीन." तो कूस बदलायचा. "थोरल्या वहिनीशी तू स्पर्धा करणार? झोप."

त्या वर्षी ऑर्डरी नेहमीइतक्याच होत्या. पलीकडच्या गल्लीतला दातांचा चिनी डॉक्टर, देवळाचे पुजारी, आणि शाळेतल्या शिक्षिका चेगू फरीदा, ज्या दरवर्षी स्वतः येऊन डबा नेत.

अक्कानं कढईत तूप, दूध आणि साखर एकत्र केली. साखर विरघळली तशी आच अगदी बारीक केली आणि पावडर मूठमूठ भुरभुरवत घातली. एका हातानं घालायचं, दुसऱ्यानं घोटायचं, म्हणजे गुठळी धरत नाही. तिथपर्यंत हात नेहमीसारखाच चालला. मिश्रण आधी पातळ, मग पिठल्यासारखं, मग जड झालं. उलथनं फिरवताना अक्काच्या खांद्याला घाम आला. ती देवळातल्या नव्या पुजाऱ्याची नक्कल करत होती, आणि वळ्ळी ताटाला तूप चोळत हसत होती.

हळूहळू गोळा जमायला लागला. कडांना चिकटायचा थांबला. उलथन्याबरोबर सगळा एकदम फिरायला लागला आणि कडेनं तुपाची बारीक चकाकी दिसली. वळ्ळी ताट घेऊन पुढे झाली.

अक्का घोटतच राहिली.

"अक्का, सुटलं ना?"

"मला शिकवतेस? तू जन्मायच्या आधीपासून..." वाक्य मध्येच तुटलं. उलथनं फिरत होतं. पांढऱ्या गोळ्यावर फिकट तांबूस छटा चढली, तुपाची चकाकी जाऊन तो कोरडा, भुरभुरीत दिसू लागला. दूध करपल्याचा वास आला.

"अक्का, अहो, करपतंय!"

अक्कानं वर बघितलं. डोळे कुठेतरी लांब होते. "हो गं. आता पावडर दे बघू. घालायची राहिली."

पावडरीचा डबा तिच्या कोपराशीच रिकामा पडला होता.

वळ्ळीनं हात पुढे करून गॅस बंद केला. ताट खाली ठेवलं. तिनं गोळा ताटात ओतला आणि तूप लावलेल्या वाटीच्या बुडानं थापून सारखा केला. अक्का बाजूला उभी राहून बघत होती, जणू हे काम तिचं नव्हतंच.

गरम असतानाच वळ्ळीनं तूप लावलेल्या सुरीनं रेघा आखल्या. पूर्ण निवल्यावर त्याच रेघांवरून सुरी सरळ खाली दाबली, ओढली नाही. दर वेळी पातं पुसलं. एवढं करूनही पहिलीच वडी उचलताना कोपरा तुटला. दुसरी मधून चिरली. तिसरीचा भुगाच झाला.

आरुमुगम तेवढ्यात चहा मागायला आला. अक्का एकदम भानावर आल्यासारखी कडाडली, "बघा भाऊजी, तुमच्या बायकोची करामत! इतकी वर्षं झाली, पण धड कापता येत नाही हिला!"

आरुमुगमनं बायकोकडे पाहिलं. किती वर्षं वळ्ळी या क्षणाची वाट बघत होती! अक्काची बर्फी बिघडलेली, साक्षीला नवरा हजर. तिनं तोंड उघडलं. पण अक्काच्या चेहऱ्यावर रागाखाली काहीतरी होतं. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरीसारखं.

"माझ्याच हातून झालं," वळ्ळी म्हणाली. "सुरी बोथट होती. अक्का, तुम्ही जरा पडा. मी आवरते."

अक्का गेल्यावर तिनं सगळा भुगा परत कढईत टाकला. थोडं थोडं दूध शिंपडत, मंद आचेवर उलथन्यानं दाबत राहिली. कोरडे कण हळूहळू विरले, मिश्रण सैल झालं, मग पुन्हा घट्ट. ती कढईच्या कडेवरून डोळे काढत नव्हती. लवकर उतरवलं तर वडी धरणार नाही, चिकट राहील. जास्त ठेवलं तर पुन्हा भुगा. तिनं चिमूटभर घेऊन फुंकर मारली, बोटांत वळलं. गोळी झाली, बोटाला चिकटली नाही. तिनं कढई उतरवली. आपण पहिल्यांदाच घोटलं हे तिच्या लक्षात आलं, आणि आनंद कुठेच सापडेना.

"अहो, खरं सांगू?" ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "अक्काला काहीतरी झालंय. मीठ दोनदा घालते, नळ चालू सोडते. मी मनात म्हणायचे, आता हिची मस्ती उतरते आहे. असं म्हणायचे हो मी."

आरुमुगमनं चहाचा पेला खाली ठेवला. "दिवाळी होऊ दे," तो म्हणाला. "मग दिनकरनला फोन करू." दिनकरन अक्काचा मुलगा, सिंगापूरला असायचा.

दुसऱ्या दिवशी उरलेले घाणे वळ्ळीनंच घोटले. अक्का स्टुलावर बसून बदाम सोलत होती. मधूनच उठून उलथन्याला हात घालायची. वळ्ळी म्हणायची, "अक्का, बदाम संपू देत, मग तुम्हीच करा." अक्का परत बसायची. बदाम संपले तेव्हा वळ्ळीनं सोललेल्यांतलेच तिच्यापुढे पुन्हा ठेवले. अक्कानं ते एकेक करून तपासले, सालं शोधली.

दिवाळीच्या संध्याकाळी चेगू फरीदा आल्या. वळ्ळीनं बशी पुढे केली. वड्यांचे कोपरे सरळ होते. त्यांनी एक तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "पाक्कियम, यंदा दरवर्षीपेक्षा मऊ आहे. काय केलंत?"

अक्काचा चेहरा उजळला. नव्या साडीचा पदर सावरत ती म्हणाली, "घोटताना मन लागतं, चेगू. येरागबाळ्याचं काम नाही."

चेगूंनी वळ्ळीकडे बघितलं. वळ्ळी बशीतल्या वड्या सारख्या करत म्हणाली, "अक्काचा हातच तसा आहे."

पाहुणे गेले. वळ्ळी मागे जाऊन कढई घासायला बसली. कडेला लागलेला थर नखानं खरवडताना तिला रडू आलं, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं नळ मोठा सोडला.

मागे पावलं वाजली. अक्का दारात उभी होती. ती फार मायेनं म्हणाली, "पुरे गं आता. दिवसभर राबलीस परक्या घरात. उशीर होतोय, घरी जा. तुझी सासू वाट बघत असेल."

सासूला जाऊन अठरा वर्षं झाली होती. दोघींची एकच सासू.

वळ्ळीनं ओल्या मनगटानं डोळे पुसले. "जाते अक्का," ती म्हणाली. "एवढी कढई झाली की जाते."